पहिली हाफ मॅरेथॉन: पेसवरून वेळ काढताना हिशेब कुठे चुकतो

हाफ मॅरेथॉनच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक धावण्याच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "माझा पेस ७:२० आहे, हाफ किती वेळात होईल?" त्याखाली चार उत्तरं येतात आणि चारही वेगळी असतात. कोणी २:३२ सांगतं, कोणी २:३४, कोणी २:४०. गुणाकार सगळ्यांनीच केलेला असतो. एकाने सेकंद दशांशासारखे धरलेले असतात, दुसऱ्याने अंतर २१ धरलेलं असतं, तिसऱ्याचा मुळातला पेसच घड्याळाने परस्पर कमी करून दिलेला असतो.

खाली सगळा हिशेब एकाच उदाहरणावर करू. धावणारी पहिल्यांदाच हाफ पळणार आहे आणि तिचा एकसमान पेस आहे ७:२०, म्हणजे एका किलोमीटरला ७ मिनिटं २० सेकंद. कागद, पेन आणि शाळेतला गुणाकार एवढं पुरेल. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका, कारण पहिल्या पायरीतली चूक पुढे २१ पट होते.

## १. आधी पेस खरा आहे का ते बघा

बहुतेक जण इथेच फसतात, आणि पुढचा हिशेब अचूक केला तरी उत्तर चुकतं.

हिशेबाला घ्यायचा पेस लांब पल्ल्याच्या धावण्यातला असावा. रविवारी १४ ते १६ किलोमीटर पळता तो. बुधवारच्या ५ किलोमीटरचा नको, आणि ग्रुपमधल्या वेगवान मंडळींच्या मागे लागून एकदाच जमलेला तर अजिबात नको. शेवटच्या दोन किलोमीटरमध्येही पेस घसरला नसेल, तर तो तुमचा एकसमान पेस.

आता घड्याळाकडे या. बहुतेक घड्याळांत आणि मोबाइल ॲपमध्ये 'ऑटो-पॉज' असतो. तुम्ही सिग्नलला थांबलात, पाणी प्यायला थांबलात, बुटाची नाडी बांधलीत की घड्याळही थांबतं. त्यामुळे धावून झाल्यावर दोन वेळा मिळतात. एक फक्त हलत असतानाची, दुसरी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतची पूर्ण वेळ. ॲप मोठ्या अक्षरात बऱ्याचदा पहिली दाखवतं, कारण ती दिसायला छान असते.

आपल्या उदाहरणातली धावणारी रविवारी १६ किलोमीटर पळाली. हलत असतानाची वेळ १:५७:२०, पूर्ण वेळ २:०१:२०. मधली चार मिनिटं थांबण्यात गेली. दोन्हींचा पेस काढू:

- १:५७:२० म्हणजे ७,०४० सेकंद. भागिले १६ = ४४० सेकंद, म्हणजे ७:२०.
- २:०१:२० म्हणजे ७,२८० सेकंद. भागिले १६ = ४५५ सेकंद, म्हणजे ७:३५.

एकाच धावण्याचे हे दोन पेस आहेत, आणि हाफच्या शेवटी त्यांच्यातला फरक पाच मिनिटांच्या वर जातो. स्पर्धेत घड्याळ कोणासाठीही थांबत नाही. म्हणून ७:२० वापरायचा असेल तर स्पर्धेत कुठे आणि किती वेळ थांबणार ते वेगळं मोजावंच लागेल. ते पाचव्या पायरीत करू.

लांब धावणं अजून झालंच नसेल तर: १० किलोमीटरच्या पूर्ण जोर लावून पळालेल्या शर्यतीची वेळ असेल, तर तिला २.२ ने गुणा. ७० मिनिटांत १० किलोमीटर पळणाऱ्याची हाफ साधारण १५४ मिनिटांत, म्हणजे २:३४ च्या आसपास व्हावी. अमेरिकेचे पीट रीगेल यांनी मांडलेल्या सूत्रातून हा आकडा जवळपास असाच येतो. पण ते सूत्र लांब पल्ल्याचा सराव झाला आहे असं गृहीत धरतं. ८ किलोमीटरपुढे कधी गेलाच नसाल तर हा आकडा म्हणजे फक्त एक आशा. आणि १० किलोमीटरची वेळ सरळ दुप्पट तर कधीच करू नका. बाकीचं १.१ किलोमीटर त्यात सुटतंच, शिवाय तोच जोर दुप्पट अंतर टिकत नाही.

ट्रेडमिलवाल्यांसाठी: ट्रेडमिल वेग ताशी किलोमीटरमध्ये दाखवते. ६० ला त्या वेगाने भागा, पेस मिनिटांत मिळेल. ताशी ८ किलोमीटर म्हणजे ७.५ मिनिटं, म्हणजे ७:३०. हा ७.५ आणि ७:५० एक नाहीत. त्याबद्दल पुढे आहेच.

## २. अंतर पूर्ण घ्या: २१ नव्हे, २१.०९७५

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, तिची निम्मी २१.०९७५. शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर सोडून दिले तर काय बिघडतं? बहुतेकांचं काही नाही. पण ज्यांना एखादी गोल वेळ गाठायची असते, त्यांचं सगळंच बिघडतं.

समजा कोणाला अडीच तासांच्या आत यायचं आहे. त्याने २१ धरून हिशेब केला: ७:०८ म्हणजे ४२८ सेकंद, गुणिले २१ = ८,९८८ सेकंद = २:२९:४८. खूश झाला. स्पर्धेत अगदी ठरल्याप्रमाणे ७:०८ ने पळाला आणि २:३०:३० ला पोचला. पळण्यात काहीच कमी पडलं नव्हतं. २:३० च्या आत यायला खरा पेस ७:०६ लागतो.

## ३. गुणाकार: मिनिटं वेगळी, सेकंद वेगळे

७:२० म्हणजे ७.२० नव्हे. मिनिटात ६० सेकंद असतात, १०० नव्हे. २० सेकंद म्हणजे मिनिटाचा तिसरा भाग, ०.३३.

ही चूक कॅल्क्युलेटरवर फार सहज होते. ७.२० × २१.०९७५ = १५१.९०. मग त्यातले '.९०' कोणी ९० सेकंद समजतं आणि २:३२:३० लिहितं. म्हणजे एकाच गणितात दोन चुका, आणि खऱ्या वेळेपेक्षा दोन मिनिटांहून जास्त घाई.

म्हणून कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि हे तीन तुकड्यांत करा.

अ) मिनिटं × २१
७ × २१ = १४७ मिनिटं.

आ) सेकंद × २१, मग ६० ने भागा
२० × २१ = ४२० सेकंद. ४२० ÷ ६० = ७ मिनिटं, बाकी ०.

इ) शेवटचा तुकडा, ९७.५ मीटर
पूर्ण पेस सेकंदांत घ्या: ७ × ६० + २० = ४४०. त्याचा दहावा भाग ४४. त्यातून १ वजा करा: ४३ सेकंद. (९७.५ मीटर १०० मीटरपेक्षा किंचित कमी, म्हणून तो १. पाच ते नऊ मिनिटांच्या कुठल्याही पेसला ही युक्ती सेकंदाच्या आत बसते.)

आता बेरीज: १४७ मिनिटं + ७ मिनिटं + ४३ सेकंद = १५४ मिनिटं ४३ सेकंद. १२० मिनिटांचे दोन तास काढा, उरली ३४.

उत्तर: २:३४:४३.

दक्षता: (आ) मध्ये बाकी उरली तर ती टाकू नका. ७:२५ असता तर २५ × २१ = ५२५ सेकंद = ८ मिनिटं ४५ सेकंद. ते ४५ सेकंद (इ) च्या सेकंदांत मिळवायचे. बेरीज ६० च्या वर गेली की एक मिनिट हातचा.

## ४. दुसऱ्या वाटेने पडताळा

एकाच पद्धतीने दोनदा केलं तर चूकही दोनदा होते. म्हणून पडताळा वेगळ्या वाटेने घ्या. दोन आकडे पाठ करा:

- ६:०० चा पेस = २:०६:३५
- ७:०० चा पेस = २:२७:४१

आणि एक नियम: पेसमध्ये १ सेकंद वाढला की शेवटच्या वेळेत २१ सेकंद वाढतात. १० सेकंद वाढले की साडेतीन मिनिटं.

आपला पेस ७:०० पेक्षा २० सेकंदांनी जास्त, म्हणजे साडेतीन मिनिटं दोनदा, ७ मिनिटं. २:२७:४१ + ७:०० = २:३४:४१. आपलं उत्तर २:३४:४३. दोन सेकंदांचा फरक २१ आणि २१.०९७५ मधला आहे, तो चालतो. फरक १० सेकंदांच्या वर गेला तर कुठेतरी सेकंदांचा गोंधळ आहे, परत मोजा.

हा २१ सेकंदांचा नियम दुसऱ्या कारणासाठीही डोक्यात असू द्या. "आज पाच-सात सेकंद जलद जाऊ, काय होतंय" असं वाटतं तेव्हा तुम्ही शेवटच्या वेळेतून दोन-अडीच मिनिटं काढायला निघालेले असता. कागदावर ते क्षुल्लक दिसतं, १७ व्या किलोमीटरला नाही.

## ५. पाण्यासाठी चालणं, थांबणं

२:३४:४३ ही न थांबता, न चालता पळणाऱ्याची वेळ आहे. पहिल्यांदा पळणारे बहुतेक जण पाण्याच्या टेबलापाशी चालतात, आणि चालावंच. पळता पळता कपातून पाणी पिणं सरावाशिवाय जमत नाही, अर्धं नाकात जातं.

इथे हिशेबातली चूक उलट्या दिशेने होते. लोक चाललेली सगळी मिनिटं वर मिळवतात: आठ टेबलं, प्रत्येकी एक मिनिट चालणं, म्हणून आठ मिनिटं. तसं नाही. चालतानाही तुम्ही पुढे जातच असता.

किलोमीटरला ११ मिनिटं अशा झपझप चालीने एका मिनिटात साधारण ९१ मीटर कापले जातात. तेच ९१ मीटर ७:२० ने पळून ४० सेकंदांत झाले असते. म्हणजे एक मिनिट चालण्याचं नुकसान फक्त २० सेकंद. आठ टेबलांचं मिळून १६० सेकंद, २ मिनिटं ४० सेकंद.

उभं राहिलात तर मात्र पूर्ण ६० सेकंद गेले. म्हणून कप उचला आणि चालत राहा, टेबलाला टेकून उभे राहू नका. मागून येणाऱ्यांच्या वाटेतही तुम्ही येत नाही.

आता आपल्या धावणारीची वेळ: २:३४:४३ + २:४० = २:३७:२३. मोबाइल टॉयलेटची रांग लागली तर त्याचं गणित करता येत नाही. ते काम स्टार्टच्या आधी उरकून घ्या. एकूण अंदाज २:३७ ते २:४० असा धरा. वरचं टोक कुठून आलं ते बघा: पहिल्या पायरीतल्या पूर्ण वेळेच्या पेसने, म्हणजे ७:३५ ने, हाफ २:३९:५९ ला होते. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ आले, तर अंदाजावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

## ६. घड्याळाचा किलोमीटर आणि रस्त्यावरचा किलोमीटर

प्रमाणित मार्ग खास मोजणीयंत्र लावलेल्या सायकलने मोजतात, आणि तोही वळणांवर सर्वांत जवळची रेषा धरून. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त ठेवतात. तुम्ही गर्दीत त्या रेषेवर पळूच शकत नाही. लोकांना वळसा घालता, पाण्यासाठी कडेला जाता. त्यात उंच इमारतींमध्ये घड्याळाची उपग्रहावरची मोजणीही हलते. परिणाम असा की फिनिश लाइनवर घड्याळ २१.३ किंवा त्याच्या आसपास दाखवतं, आणि मग "मार्ग चुकीचा मोजला होता" अशा पोस्ट सुरू होतात. बहुतेक वेळा मार्ग बरोबर असतो.

हिशेबाला याचा अर्थ असा: घड्याळावर ७:२० दिसत राहिला आणि शेवटी घड्याळ २१.३ दाखवणार असेल, तर वेळ ४४० × २१.३ = ९,३७२ सेकंद = २:३६:१२ होते. दीड मिनिट जास्त, एकही पाऊल हळू न टाकता. ते टाळायचं तर घड्याळावर ७:१६ दिसायला हवा.

सोपा उपाय: घड्याळाच्या 'बीप'वर जाऊ नका. मार्गावरच्या किलोमीटरच्या पाट्या आणि गेलेली एकूण वेळ बघा. घड्याळाचा ऑटो-पॉज आदल्या रात्रीच बंद करा.

## ७. चढ-उतारांचा मार्ग असेल तर एकच पेस चालत नाही

वरचं गणित सपाट रस्त्याचं आहे. मुंबईत पेडर रोडचा चढ येतो. तिथे पंधरा-वीस सेकंद जातील एवढं धरून पुढे सपाटीवर परत ७:२० ला या. गेलेला वेळ एका दमात भरून काढायच्या फंदात पडू नका.

साताऱ्याची गोष्ट मात्र निराळी. तिथली हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेला चढते आणि त्याच वाटेने परत उतरते. अशा मार्गावर चढाचा आणि उताराचा पेस वेगवेगळा धरा. उदाहरणार्थ, चढ ८:०० ने आणि उतार ७:०० ने. दोन्ही अंतरं सारखीच असल्याने सरासरी सरळ काढता येते: ७:३०. हाफ होईल २:३८:१४ ला.

दक्षता: अशी सरळ सरासरी फक्त अंतरं समान असतील तेव्हाच काढा. ५ किलोमीटर चढ आणि १६ सपाट असेल तर प्रत्येक तुकडा त्याच्या पेसने गुणून मग बेरीज करा. आणि चढावर मिनिट गेलं की उतारावर मिनिट मिळतंच असं गृहीत धरू नका. उतारावर मांड्या भरून येतात, शेवटचे किलोमीटर त्याची किंमत वसूल करतात.

## ८. मनगटावरची पट्टी

धावताना गुणाकार होत नाही. १२ व्या किलोमीटरनंतर तर साधी बेरीजही होत नाही. म्हणून ठरावीक पाट्यांच्या वेळा आधीच काढून कागदाच्या पट्टीवर लिहा आणि पारदर्शक चिकटपट्टीने मनगटाला लावा. ७:२० ची पट्टी अशी:

- ५ किमी: ०:३६:४०
- १० किमी: १:१३:२०
- १५ किमी: १:५०:००
- २० किमी: २:२६:४०
- फिनिश: २:३४:४३

पडताळा: २० किमीनंतर उरतात १.०९७५ किमी. ४४० सेकंदांचा एक किलोमीटर, अधिक शेवटच्या तुकड्याचे ४३, मिळून ४८३ सेकंद = ८:०३. २:२६:४० + ८:०३ = २:३४:४३. जुळलं.

पाण्यासाठी चालणार असाल तर पट्टीतही ते धरा. दर ५ किलोमीटरला दोन टेबलं येत असतील तर ४० सेकंद मिळवा: ५ किमीला ०:३७:२०, १० किमीला १:१४:४०, असं पुढे. नाहीतर पहिल्याच पाटीवर आपण मागे पडलो असं वाटतं आणि माणूस उगाच जोर लावतो.

घड्याळ बंदुकीच्या आवाजाबरोबर सुरू करू नका. मोठ्या स्पर्धेत स्टार्टची मॅट ओलांडायलाच काही मिनिटं जातात. मॅटवर पाय पडला की बटण दाबा. बिबमागची चिपही तिथूनच मोजते. मात्र कट-ऑफची वेळ कधीपासून मोजतात, बंदुकीपासून की तुमच्या मॅटपासून, हे त्या स्पर्धेच्या नियमांत आधी वाचून ठेवा. कट-ऑफच्या जवळचा अंदाज असेल तर या फरकाने मेडल हुकू शकतं. २:३० किंवा २:४५ चा झेंडा घेतलेल्या पेसरच्या मागे पळणार असाल तर त्यालाही विचारा, तो कुठल्या वेळेने चालला आहे.

## ९. स्पर्धेत आकडे हलले तर

१० किमीच्या पाटीवर १:११:०० दिसलं, म्हणजे चालणं न धरताही ठरल्यापेक्षा २ मिनिटं २० सेकंद पुढे. हा फायदा नाही. तुम्ही किलोमीटरला १४ सेकंद जलद आलात, आणि तो पेस लांब धावण्यात तुम्हाला कधी जमलेला नाही. लगेच ७:२० वर या.

उलट, १५ किमीला १:५१:१० दिसलं, म्हणजे न थांबता पळण्याच्या हिशेबाने ७० सेकंद मागे. फिनिश किती वाजता ते असं काढा: उरलेले ६.०९७५ किमी ७:२० ने ४४ मिनिटं ४३ सेकंदांत होतात. १:५१:१० + ४४:४३ = २:३५:५३.

आता मनात २:३५ च बसलं असेल तर हातात ४३ मिनिटं ५० सेकंद आहेत, म्हणजे २,६३० सेकंद. भागिले ६.०९७५ = ४३१. पेस ७:११ लागेल, प्रत्येक किलोमीटरला ९ सेकंद जास्त जलद, तेही पाण्याला न थांबता. १५ किलोमीटर झाल्यावर एवढा जोर पायांत आहे का, ते १६ व्या पाटीवर कळतं. तिथे घड्याळात १:५८:२१ किंवा त्याहून कमी दिसलं तर पुढच्या किलोमीटरलाही तोच पेस धरा. नसेल तर ७:२० वर परत या आणि २:३६ ची तयारी ठेवा.